शितावरून भाताची परीक्षा?

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. बहिणीला नैराश्याचा आजार होता आणि दोन महिन्यांच्या औषधोपचाराने तिला चांगला उतार पडला होता. भावाने खिशातून एक कागद काढला. त्यावर गावातल्या औषधाच्या दुकानदाराने ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांचे नाव लिहून दिले होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणे डॉक्टरांच्या सभेत सांगितलंत की हे जीवनसत्त्व कमी असलं तर नैराश्याच्या गोळ्या लागू पडत नाहीत. मग गोळ्या बंद करून नुसती इंजेक्शनंच घेतली तर?”

मी चपापलो. सभेत मी बोललो होतो हे खरे. आमच्या एका छोट्या अभ्यासाचा निष्कर्ष मी तिथे मांडला होता आणि तोच निबंध मानसोपचाराच्या एका नियतकालिकाकडे छापण्यासाठी पाठवला होता. योगायोग असा की त्याच आठवड्यात संपादकांचे पत्र आले होते. निबंध परत आला होता, सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय होते आणि त्यांना उत्तर लिहायचे होते. त्या उत्तराची हकीकत आज वाचकांना सांगतो. वर्तमानपत्रात ‘संशोधनाने सिद्ध झाले’ असे वाक्य आपण वरचेवर वाचतो. ते वाक्य छापले जाण्याआधी पडद्यामागे काय घडते, किंवा घडायला हवे, हे त्यातून थोडेफार कळेल.

डॉक्टरांचा शोधनिबंध पाठवला की लगेच छापला जात नाही. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. हे परीक्षक बहुधा निनावी असतात. ते चुका दाखवतात आणि लेखकाने प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यायचे असते. परीक्षकाचे वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, त्याखाली आपले उत्तर, आणि त्याखाली निबंधात कुठल्या पानावर काय बदलले ते. पंचायतीच्या लेखापरीक्षणात जशी आक्षेपांची पूर्तता करतात, तसलाच हा प्रकार.

आमचा अभ्यास असा होता. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोळाबेरीज केले आहेत.) नैराश्याच्या २८ रुग्णांची उपचार सुरू होण्यापूर्वी तपासणी केली. रक्तातल्या काही तपासण्या, झोप, भूक, वजन, स्मरणशक्तीच्या छोट्या चाचण्या, अशा मिळून २० गोष्टी मोजल्या. सर्वांना नेहमीचे औषध दिले. सहा आठवड्यांनी हॅमिल्टन यांच्या प्रश्नावलीवर ज्यांचे गुण निम्मे किंवा त्याहून कमी झाले ते ‘सुधारलेले’. असे १६ निघाले, बाकी १२ फारसे सुधारले नाहीत. मग दोन्ही गटांत या वीसही गोष्टींची तुलना केली. सुधारलेल्यांच्या रक्तात बी-१२ चे प्रमाण सरासरी ३४० पिकोग्रॅम होते आणि न सुधारलेल्यांत २५५. फरक ८५ चा. संगणकाने उत्तर दिले, पी-मूल्य ०.०२.

हे पी-मूल्य म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातच आहे. समजा, बी-१२ चा आणि बरे होण्याचा प्रत्यक्षात काडीचाही संबंध नाही. तरीही १६ आणि १२ माणसांचे दोन गट केले की सरासरीत थोडाफार फरक पडणारच. निव्वळ योगायोगाने ८५ इतका किंवा त्याहून मोठा फरक पडण्याची शक्यता शंभरात दोन, असे ०.०२ चा आकडा सांगतो. शंभरात पाचपेक्षा, म्हणजे ०.०५ पेक्षा, हा आकडा कमी आला की आपला निष्कर्ष ‘लक्षणीय’ म्हणण्याची रूढी आहे. आम्ही खूश झालो आणि निबंधाच्या नावातच बी-१२ घातले.

पहिल्या परीक्षकाने किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या. दुसऱ्याने मात्र दोनच वाक्ये लिहिली होती आणि ती दोन्ही मर्मावर बसणारी होती. एक, २८ ही संख्या अतिशय लहान आहे आणि ती कशी ठरवली याचा निबंधात उल्लेख नाही. दोन, लेखकांनी अनेक तुलना केल्या आहेत, पण त्याबद्दल कोणतीही दुरुस्ती केलेली दिसत नाही. एकूण तुलना किती होत्या ते सांगावे.

आता कबूल करायला हरकत नाही. निबंधातल्या तक्त्यात आम्ही वीसपैकी नऊच तुलना छापल्या होत्या. लपवण्याचा हेतू नव्हता. ज्यांत काही निघाले नाही त्या कशाला द्यायच्या, जागा कशाला अडवायची, असा साधा विचार होता. परीक्षकाने मात्र ते बरोबर हुंगले, कारण अभ्यासाची पद्धत सांगताना आम्ही जितक्या तपासण्यांची नावे दिली होती, तितक्या तक्त्यात नव्हत्या.

मी रागातच पहिले उत्तर लिहिले. त्यात म्हटले की इतरही अनेकांनी पंचवीस-तीस रुग्णांवर निबंध छापले आहेत. शिवाय मोठ्या ऐटीत लिथियमचा दाखला दिला. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या अवघ्या दहा रुग्णांना लिथियम देऊन त्याचा गुण दाखवला, आणि तेच औषध आज जगभर वापरात आहे. मग आमचे २८ काय वाईट? हे उत्तर मी माझ्या जुन्या सरांना दाखवले. सर निवृत्त आहेत, पण वाचन दांडगे. त्यांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे, केडसाहेबांनी एकच प्रश्न विचारला होता. आणि वर्षानुवर्षं बेफाम असलेली माणसं थोड्या दिवसांत शांत झाली, हा फरक डोळ्यांनी दिसण्याइतका मोठा होता. तू विचारलेस वीस प्रश्न, आणि तुझा फरक दिसायला संगणक लागतो. फाड ते पत्र.”

मग आमच्या गावच्या महाविद्यालयातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंकडे गेलो. दोन रविवार त्यांनी माझी शिकवणी घेतली.

आधी वीस तुलनांचा मुद्दा. एखाद्या ज्योतिषाने वर्षाच्या सुरुवातीला वीस भाकिते केली आणि त्यातले एक खरे ठरले, तर लोक त्या एकाचीच चर्चा करतात. चुकलेली एकोणीस कोणाच्या लक्षात राहतात? आमचेही तसेच झाले होते. एका तुलनेत योगायोगाने फसण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तर न फसण्याची पंच्याण्णव. वीसही वेळा न फसण्याची शक्यता काढायला ०.९५ हा आकडा वीस वेळा एकमेकांशी गुणायचा. उत्तर येते साधारण ०.३६. म्हणजे वीसही गोष्टींचा बरे होण्याशी काहीही संबंध नसला, तरी निदान एक खोटा ‘लक्षणीय’ निष्कर्ष हाती लागण्याची शक्यता शंभरात चौसष्ट! (आमच्या काही तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल, पण फार नाही.) शंभरात पाचचा जुगार म्हणून मी जो खेळत होतो, तो खरे तर असा होता.

यावरचा सर्वांत सोपा उपाय इटलीचे गणिती बोनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. जितक्या तुलना, तितक्याने ०.०५ ला भागायचे. वीस तुलना म्हणजे मर्यादा ०.००२५. आमचे ०.०२ त्या उंबरठ्याच्या आठपट वर होते. हा उपाय फार कडक आहे, खरा निष्कर्षही त्यात मारला जातो, अशी तक्रार असते आणि ती काही अंशी रास्त आहे. म्हणून १९९५ साली बेंजामिनी आणि हॉखबर्ग या दोघांनी एक सौम्य पद्धत सुचवली. तीत सगळी पी-मूल्ये लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावतात आणि पहिल्याला सर्वांत कडक, पुढच्याला जरा सैल, अशी चढती मर्यादा देतात. बाईंनी ती पद्धतही लावून पाहिली. आमच्या रांगेत पहिले ०.०२, दुसरे ०.०४ आणि बाकीची सगळी त्याहून मोठी. दुसऱ्या क्रमांकाची मर्यादा होती ०.००५, आणि पुढेही कुठे मेळ बसेना. कडक पद्धतीने नाही आणि सौम्य पद्धतीनेही नाही. बी-१२ टिकले नाही.

हे नुसते पुस्तकी सोवळे आहे असे वाटत असेल, तर अमेरिकेतल्या एका माशाची गोष्ट ऐका. २००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखवली आणि चित्रातल्या माणसाला काय वाटत असेल असेही रीतसर विचारले. यंत्र मेंदूचे हजारो बारीक ठिपके तपासते आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक तुलना. दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत काही ठिपके ‘जागे’ दिसले. दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. या प्रयोगाला २०१२ साली हसता हसता विचार करायला लावणारे इग-नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लहान संख्येचा मुद्दा. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती बरोबर ठरते, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसांचे तसे नसते. आमच्याच २८ रुग्णांत कोणी शुद्ध शाकाहारी, कोणी आठवड्याला तीनदा मासे खाणारे, कोणाला पोटाचा जुना विकार, कोणी आधीच शक्तीच्या गोळ्या घेतलेले. बी-१२ चे प्रमाण या प्रत्येक कारणाने खालीवर होते. दोन-तीन माणसे या गटातून त्या गटात गेली असती, तरी सरासरी हलली असती.

मला वाटत होते की संख्या लहान असली तर फार तर खरा फरक सापडायचा राहून जातो. सापडला म्हणजे उलट तो भक्कमच असला पाहिजे. बाईंनी हा गैरसमज काढला, आणि मला तरी या दोन रविवारांत शिकलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्या संख्येत फरक निदान ७१ चा असल्याशिवाय पी-मूल्य ०.०५ च्या खाली जाऊच शकत नव्हते. समजा, खरा फरक आहे फक्त ३०. मग आमच्यासारखे शंभर छोटे अभ्यास झाले, तर बहुतेकांना ‘काही नाही’ असे उत्तर मिळेल आणि ते कपाटात पडतील. ज्या थोड्यांच्या बाबतीत योगायोगाने ३० चे फुगून ७१ च्या वर गेले, तेवढेच छापले जातील. म्हणजे लहान अभ्यासात ‘लक्षणीय’ ठरलेला फरक खरा असला, तरी बहुधा फुगलेला असतो. मासळीबाजारातल्या मोठ्या भोकांच्या जाळ्यासारखे हे आहे. जाळ्यात फक्त मोठे मासे आले, म्हणून समुद्रात सगळे मासे मोठेच आहेत असे कोणी म्हणणार नाही.

तेव्हा ८५ या एका आकड्याऐवजी किती ते किती, हे सांगणे प्रामाणिकपणाचे. नेहमीच्या पद्धतीने हा पल्ला निघाला सुमारे १५ ते १५५. वीस तुलनांची दुरुस्ती करून काढला तेव्हा तो उणे ३० पासून अधिक २०० पर्यंत पसरला. म्हणजे न सुधारलेल्यांत बी-१२ पुष्कळ कमी असेल, सारखेच असेल किंवा थोडे जास्तही असेल! इतक्या रुंद पल्ल्यावर कोणाच्या गोळ्या बंद करायच्या?

एका डॉक्टर मित्राने मधला मार्ग सुचवला. आणखी दहाबारा रुग्ण घाल, पुन्हा हिशेब कर, पी-मूल्य खाली आले की थांब. हा मार्ग अनेक जण बिनदिक्कत चोखाळतात. पण मनासारखे दान पडेपर्यंत फासे टाकत राहणे आणि पडल्यावर डाव संपला म्हणणे, असा तो प्रकार आहे. दर वेळी डोकावून पाहिले की फसण्याची शक्यता वाढत जाते. नवे रुग्ण घ्यायचेच तर वेगळा अभ्यास म्हणून घ्यावेत, प्रश्न एकच ठेवावा आणि संख्या आधी ठरवून लिहून ठेवावी. एकच प्रश्न असला की वीसाने भागायचा प्रश्नच उरत नाही. मध्यम आकाराचा फरक पाचांपैकी चार वेळा तरी सापडावा असे वाटत असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसे लागतात. वीसही प्रश्न पुन्हा विचारायचे म्हटले, तर तीच संख्या प्रत्येक गटात १२० च्या आसपास जाते.

मानसोपचाराच्या क्षेत्रात याचा मोठा धडा आधीच मिळालेला आहे. २००३ साली न्यूझीलंडमधील डनेडिन गावच्या ८४७ तरुणांवरील एक निबंध गाजला. सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य अधिक येते, असा तो निष्कर्ष होता. पुढे त्यावर ढीगभर निबंध निघाले, त्यांतले बरेच लहान संख्येचे. २००९ साली चौदा अभ्यासांतील चौदा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा हा संबंध दिसला नाही. २०१९ साली तर काही लाख लोकांच्या माहितीवरून नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा अठरा प्रसिद्ध जनुकांची झडती घेतली गेली आणि कोणत्याही यादृच्छिक जनुकापेक्षा त्यांत काही विशेष आढळले नाही. मधल्या वर्षांत किती संशोधकांची किती मेहनत गेली असेल! ८४७ ची ही कथा, तर आमच्या २८ ची काय?

शेवटी जे उत्तर पाठवले ते इंग्रजीत होते. त्याचा मराठी मतलब असा:

“आक्षेप १ : संख्या लहान आहे. उत्तर : मान्य. संख्या आधी गणित करून ठरवलेली नव्हती; चौदा महिन्यांत जे रुग्ण आले आणि ज्यांनी संमती दिली, ते सर्व घेतले. तसे आता निबंधात स्पष्ट लिहिले आहे. एवढ्या संख्येत फक्त फार मोठा फरकच भरवशाने सापडू शकतो, हेही नमूद केले आहे. प्रत्येक फरकाचा पल्ला दिला आहे.

आक्षेप २ : अनेक तुलना. उत्तर : मान्य. एकूण २० तुलना केल्या होत्या, पैकी ९ च छापल्या होत्या, ही आमची चूक. आता वीसही तक्त्यात दिल्या आहेत. दोन्ही पद्धतींनी दुरुस्ती केली असता एकही निष्कर्ष लक्षणीय राहत नाही. निबंधाच्या नावातून आणि सारांशातून बी-१२ काढले आहे. चर्चेत ते केवळ पुढे तपासून पाहण्याजोगी शंका म्हणून ठेवले आहे.”

दोन्ही उत्तरांखाली पान आणि ओळ दिली. ‘परीक्षकांचा गैरसमज झाला आहे’ हे पहिल्या खर्ड्यातले वाक्य मी गाळले, हे सांगायला नको.

दीड महिन्याने संपादकांचा होकार आला, पण पूर्ण निबंध म्हणून नव्हे. दोन पानी टिपण म्हणून. दुसऱ्या परीक्षकाने या वेळी एकच ओळ लिहिली होती: तक्त्यातील पाचव्या ओळीतला दशांश चुकला आहे. खरोखरच चुकला होता.

आता पुढचा अभ्यास. आमच्याकडे महिन्याला सरासरी दोनच रुग्ण नोंदवले गेले होते. त्या वेगाने १२८ रुग्ण मिळायला पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून शेजारच्या दोन तालुक्यांतील दोन मित्रांना बरोबर घेतले आहे. प्रश्न फक्त बी-१२ चा. तो आणि रुग्णसंख्या भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत आधीच नोंदवून ठेवायचे ठरले आहे, म्हणजे मागाहून मलाही त्यात हात घालता येणार नाही.

राहता राहिली ती बहीण. तिच्या भावाला मी सांगितले की सभेतले माझे बोलणे घाईचे होते. तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली. बी-१२ खरोखरीच कमी निघाले असते, तर ते भरून काढायलाच हवे होते, कारण त्या कमतरतेने हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा असे त्रास होतात आणि आपल्या शाकाहारी घरांत ती कमतरता पुष्कळ आढळते. पण ते गोळ्यांच्या ऐवजी नव्हे, गोळ्यांच्या जोडीने. तिचे प्रमाण व्यवस्थित निघाले. इंजेक्शनांचा कागद भावाने माझ्या टेबलावरच ठेवला आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून घेऊन दोघे चारच्या एस.टी.ने गावी गेले.